दोनशे माणूस आरामात बसतं

आमच्या परिसरातल्या गृहनिर्माण संस्थांच्या सचिव-खजिनदारांसाठी एक दिवसाचं हिशेब-शिबिर घ्यायचं ठरलं आणि हॉल बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं. फोन केला. मॅनेजर म्हणाले, "फोटो पाठवतो ना व्हॉट्सअ‍ॅपवर, कशाला हेलपाटा घालता?" फोटो आले. कोपऱ्यात उभं राहून, मोबाईल आडवा धरून, रुंद कोनातून काढलेल्या फोटोत कुठलाही हॉल विमानतळासारखा दिसतो. म्हटलं, प्रत्यक्ष बघायचाय, आणि सकाळी दहाला, कारण शिबिर दहाला सुरू होणार. "दहाला साखरपुडा आहे." मग तर नक्कीच येतो, म्हटलं. रिकाम्या हॉलमध्ये एसी कुणालाही थंडच वाटतो. खरी परीक्षा माणसं भरल्यावर होते.

सोबत आमचे खजिनदार आणि त्यांची मोजपट्टी.

"दोनशे माणूस आरामात बसतं," मॅनेजर म्हणाले. आमची शंभर नावं येणार होती, तेव्हा प्रश्नच मिटला असं खजिनदारांना वाटलं. पण दोनशे बसतात ते खुर्चीला खुर्ची लावून, मांडीवर हात ठेवून. आमची मंडळी ताळेबंद उतरवून घेणार, म्हणजे पुढ्यात टेबल हवं. खुर्च्यांच्या नुसत्या रांगांना माणशी साधारण आठ चौरस फूट पुरतात. टेबल आलं की सोळा-सतरा लागतात. साखरपुड्यातल्या पाहुण्यांच्या पायांतून वाट काढत खजिनदारांनी माप घेतलं : 60 बाय 30. स्टेज आणि त्यापुढची मोकळी जागा वजा करता उरले 1440 चौरस फूट. भागाकार केला, 85 आले. शिवाय मधोमध दोन खांब. त्यांच्यामागे बसणाऱ्याला वक्ता ऐकू येईल, पण फळा दिसणार नाही. धरा ऐंशी.

"तुम्ही फारच खोलात जाता बुवा," मॅनेजर म्हणाले.

प्रोजेक्टर आहे का, या प्रश्नाला जगातला कुठलाही मॅनेजर नाही म्हणत नाही. म्हणून मी लॅपटॉप घेऊनच गेलो होतो. छतावरून लोंबणारी केबल जुन्या पद्धतीची, पंधरा टाचण्यांची; माझ्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय. जोडणी वॉचमनच्या ड्रॉवरमध्ये सापडली. ताळेबंद पडद्यावर आला खरा, पण पूर्वेच्या खिडक्यांना पडदे नव्हते. शेवटच्या रांगेतून 'येणे' आणि 'देणे' सारखंच दिसत होतं. आमच्या काही संस्थांचा कारभार तसाच चालतो, ही गोष्ट वेगळी. कॉर्डलेस माइक घेऊन मी मागच्या भिंतीपर्यंत गेलो आणि "हॅलो, हॅलो" म्हटलं, तर नवऱ्या मुलीच्या मामांनी जेवायला बसायची वेळ झाली असं समजून मंडळींना उठवलं.

लाइट गेली तर? "जनरेटर आहे." एसी चालतो त्यावर? इथे मॅनेजरांनी पहिल्यांदाच थोडा विचार केला. "दिवे, पंखे, माइक चालतो." म्हणजे नाही.

भाडं 25,000, आठ तासांचं. आठ तास कुठून मोजता, हे विचारलं नाही तर भुर्दंड ठरलेला. कुलूप उघडल्यापासून शेवटची पिशवी बाहेर जाईपर्यंत. आमचं शिबिर दहा ते पाच, आधी तासभर मांडामांड, नंतर तासभर आवराआवर, झाले नऊ. जादा तासाचे 3,500. एसी 3,000, प्रोजेक्टर 2,500, सफाई 2,000. खजिनदार पाकिटाच्या मागे लिहीत होते : 36,000. वर 18 टक्के जीएसटी, 6,480. एकूण 42,480. अनामत निराळी, आणि ती परत कधी मिळणार याचं उत्तर लेखी द्यायला मॅनेजर तयार नव्हते. खजिनदारांनी तिथेच उभ्या-उभ्या ते वाक्य लिहिलं आणि सहीसाठी पेन पुढे केलं. सही मिळाली.

राहिलं जेवण. बाहेरचा आचारी चालत नाही, केटरर त्यांचाच. चहा दोन वेळा, तो ताटातच धरलाय का? नाही, वेगळा. पाणी? जारचं फुकट, बाटलीचं वेगळं. यापलीकडे विचारण्यासारखं एकच उरलं होतं.

"किमान किती ताटं?"

"शंभर. कमी आली तरी पैसे शंभरचेच."

"अहो, तुमच्या हॉलमध्ये टेबलं लावली तर ऐंशीच माणसं मावतात! आम्ही नोंदणीच ऐंशीवर थांबवणार."

मॅनेजरांनी पाकिटामागचा हिशेब शांतपणे वाचला. म्हणाले, "मग बाकीच्या वीस जणांना फक्त जेवायला बोलवा की. त्यांना कुठे लिहायचंय?"

आणि खजिनदारांनी मान डोलावत लगेच नावं काढायला सुरुवात केली.