एकोणिसावे वर्ष कायम

फारसी लिपी वाचता येते ही बाब नागपुरात शेजाऱ्यांपासून लपवून ठेवावी, असे माझे मत आहे. आमच्या गल्लीतल्या नाणेप्रेमी काकांना ती कळल्यापासून माझ्या फोनवर सकाळच्या सुविचारांऐवजी चांदीच्या नाण्यांचे फोटो येऊ लागले, आणि तेही बहुधा उलटे. परवाच्या फोटोखाली त्यांनी लिहिले होते, "साल ६१ आहे ना जी? राजा कोणता?"

फोन फिरवल्यावर ६१ चे १९ झाले. नाण्यावरची फारसी ओळ खालून वर वाचावी लागते, आणि तशी वाचली तर या बाजूला 'जर्ब मुर्शिदाबाद, सनह १९ जुलूस, मैमनत मानूस' असे निघते. म्हणजे मुर्शिदाबादेत पाडलेले, मंगलमय राज्यारोहणाच्या एकोणिसाव्या वर्षाचे. दुसऱ्या बाजूच्या पद्यानुसार ईश्वरी कृपेची छाया आणि मुहंमदाच्या धर्माचा रक्षक असलेल्या शाह आलम बादशहाने हे नाणे सातही खंडांत चालवले. प्रत्यक्षात या सम्राटाची दिल्लीतच पंचाईत होती, पण नाण्यावर सातांपेक्षा कमी खंड शोभत नाहीत.

काका खूश झाले, "म्हणजे १७७८ चे!" हिशेब बरोबर होता, कारण शाह आलम दुसरा १७५९ मध्ये गादीवर आला. गोची अशी की ईस्ट इंडिया कंपनीने बंगालच्या रुपयावर १९ हा आकडा गोठवून टाकला होता. दरवर्षी साल बदलले की सराफ जुन्या रुपयावर बट्टा कापत, म्हणून सालच हलू दिले नाही. गावाचे नावही मुर्शिदाबादच राहिले, टांकसाळ कलकत्त्याची असली तरी. बादशहा १८०६ मध्ये वारला. त्याचे एकोणिसावे वर्ष मात्र १८३५ पर्यंत चालूच होते. इतका दीर्घ कार्यकाळ मी केवळ आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांचा पाहिला आहे.

"पण एक रुपया कुठं लिहिलं आहे?" कुठेच नाही. अधेली आणि पावली यांवरही तशीच अक्षरे, काही काटछाट करून. म्हणून निव्वळ फोटोवरून ते रुपया, अधेली की पावली हे सांगता येत नाही. मी काकांकडे वजन आणि कडेचा फोटो मागितला. त्यांनी आधी अंगठ्याचा, मग टेबलाच्या कडेचा फोटो पाठवला. नाण्याच्या कडेवरचे दाते तिरपे असतील तर रुपया १८१८ पूर्वीचा आणि सुमारे ११.६ ग्रॅमचा, उभे असतील तर त्यानंतरचा आणि सुमारे १२.४ ग्रॅमचा, कारण तेव्हा चांदी तेवढीच ठेवून भेसळीचा धातू वाढवला गेला. अगदी शेवटच्या नाण्यांची कड गुळगुळीत आहे.

अखेर इतवारीच्या सराफ्यात तराजूने १२.३ सांगितले आणि दातेही उभे निघाले. काकांना मी कळवले की रुपया अस्सल दिसतो, कलकत्त्याचा आहे आणि तो पाडला गेला तेव्हा त्यावरचा बादशहा निदान बारा वर्षे कबरीत होता. त्यावर उत्तर आले, "ठीक आहे, पण विकताना १७७८ च सांगतो."