काय जोडलंय ते सांगा की!

परत आली तीच मेल. "प्लीज फाइंड अटॅच्ड." बास, संपली! खाली तीन फायली: Scan0012.pdf, Final_new(2).xlsx आणि Doc1.docx. आता यात काय आहे, कशासाठी पाठवलंय, मी नुसतं वाचायचंय की उत्तरही द्यायचंय, हे मीच ओळखायचं. काही महाभाग तर "पीएफए" एवढीच तीन अक्षरं टाकतात. तीसुद्धा कशाला टाकायची? फाइल जोडलीये हे क्लिपच्या खुणेवरून दिसतंच की. जे दिसतं तेच सांगतात, जे दिसत नाही ते मात्र पोटात ठेवतात!

त्यात मी मोबाइलवर. उघडायला घेतलेला तक्ता दोन बोटांनी ताणून ताणून बघायचा आणि मग कळतं, अरे, हा तर प्रवासखर्चाचा. बरं, कुठल्या महिन्यांचा? मागच्या वेळी पाठवलेलाच की दुरुस्त केलेला? माहीत नाही.

आणि खरा वैताग नंतर सुरू होतो. मेलला कोणी रिप्लाय केला की जोडलेली फाइल सहसा गळून पडते, मागे राहतो तो फक्त मजकूर. चार उत्तरांनंतर साखळीत काय उरतं? "प्लीज फाइंड अटॅच्ड." दोन महिन्यांनी "प्रवासखर्च" म्हणून शोधायला जावं, तर त्या मेलमध्ये तो शब्दच नाही. स्कॅनच्या नावात नाही, विषयाच्या ओळीत नाही (तिथे "अर्जंट" लिहिलेलं असतं, अर्थातच), मजकुरात तर नाहीच नाही.

एवढं लिहायला काय जातं हो?

"एप्रिल ते जूनच्या प्रवासखर्चाचा तक्ता जोडला आहे. मागच्या तक्त्यात जून नव्हता, तो यात घातला आहे. 14व्या ओळीतली हॉटेलची रक्कम बिलाशी जुळत नाही. तेवढी बघून शुक्रवारपर्यंत कळवा. बिलाचा स्कॅन आणि दौऱ्याचा अहवालही सोबत आहे, अहवाल फक्त नोंदीसाठी."

झालं! तिन्ही फायलींचा पत्ता लागला, कुठली आधी उघडायची ते कळलं, आणि बिलाचा स्कॅन जोडायचा राहिला असेल तर तोही लगेच लक्षात येईल. नुसत्या "अटॅच्ड"वर तीनऐवजी दोनच फायली आल्या तर समोरच्याला कळणार तरी कसं?

म्हणून उद्या कोणी तक्त्यातले सगळे आकडे मेलमध्ये उतरवून काढू नका, ती एक वेगळीच जमात आहे. मी एकच बिल मागितलं असेल तर "मार्चचं वीजबिल जोडलंय" हे तीन शब्द पुरे. "आपल्या अवलोकनार्थ सविनय सोबत जोडले आहे" असलं काही नको. त्यातही काय जोडलंय ते नाहीच!

आत्ताच उत्तर पाठवलंय, "या तीन फायलींत काय आहे?" म्हणून. त्यांचं लगेच आलंसुद्धा: "प्लीज रेफर ट्रेलिंग मेल."