‘योगायोग’ म्हणण्याआधी: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रोग्रॅमिंगच्या गृहपाठात नक्कल केल्याच्या संशयाचा मेल आला तर विद्यार्थ्यानं काय उत्तर द्यावं, याचा एक नमुना मी दिला होता. त्यावर ही प्रतिक्रिया आली:

«तुमचा ईमेलचा नमुना वाचला. हा तर स्वतःच्या हातानं लिहून दिलेला कबुलीजबाब! हॅश टेबल सगळे सारखंच लिहितात. मुलानं ‘योगायोग’ म्हणावं आणि पुरावा मागावा, बस्स.»

पुरावा मागायला माझी काहीच हरकत नाही. उलट ‘सर, जुळलेल्या ओळी बघायला मिळतील का?’ हे पहिलं वाक्य असावं. पण टीए, म्हणजे गृहपाठ तपासणारा सहाय्यक, त्याच्यासमोर काय असतं ते आधी पाहा. नक्कल शोधणारं मॉससारखं साधन व्हेरिएबलची नावं आणि मोकळ्या जागा बाजूला ठेवून कोडचे तुकडे जुळवतं. वर्गात वाटलेला सुरुवातीचा कोड `-b` देऊन वगळता येतो, आणि बऱ्याच जणांकडे सापडणारा तुकडा ते मोजतच नाही. म्हणजे ‘सगळ्यांचं सारखंच’ असलेलं बरंचसं आधीच गळून गेलेलं असतं. उरलेलं टीए डोळ्यांनी वाचतो.

मी टीए असताना दोन मुलांकडे ही ओळ होती:

```c
idx = (idx + 7) % size;
```

जागा भरलेली असली तर साधारणपणे एकानं पुढे सरकतात. हे सातानं उडी मारत होते. टेबल 14 चं झालं की अशा उड्यांत दोनच जागा हाती लागतात, त्या भरल्या की प्रोग्रॅम गोल गोल फिरत राहतो. दोघांचे प्रोग्रॅम तिथेच अडकत होते. बरोबर उत्तर दोघांना वेगवेगळं सुचू शकतं. एवढी विचित्र चूक सुचणं अवघड. इथे ‘योगायोग’ म्हटलं की मुलाच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

त्यातल्या एकानं पाठवलेला मजकूर साधारण असा होता: ‘सातची उडी आम्ही फळ्यावर एकत्र ठरवली. insert मी एकट्यानं लिहिलं. remove अडलं तेव्हा मित्राचा कोड त्याच्या स्क्रीनवर पाहिला आणि नंतर खोलीवर येऊन लिहिलं. त्याची रचना त्याचीच आहे. rehash बद्दल आमचं बोलणं झालं नाही. git log सोबत जोडतो, पण remove एकाच कमिटमध्ये आहे.’

शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. कमिटची वेळ हवी ती टाकता येते, त्यामुळे तो काही पक्का पुरावा नव्हे. पण insert टप्प्याटप्प्यानं, चुकत-सुधारत वाढलेलं त्यात दिसत होतं. मेल आल्यावर इतिहास ‘नीटनेटका’ करायला जाऊ नये, शंका तिथेच वाढते.

ही सफाई कामी येईलच असं नाही. स्क्रीनवर पाहणंही कोर्सच्या नियमात बसत नसेल, तर remove चे गुण जातील, कदाचित जास्तही. एका बाबतीत मात्र तुमची भीती रास्त आहे: न केलेली गोष्ट कबूल करून ‘मिटवून टाकू’ नये, आणि प्रकरण समितीकडे गेल्याचं पत्र आलं तर पुढचं काही लिहिण्याआधी विद्यार्थी सल्लागाराला भेटावं.