झडपेचा आजार, दात आणि पाच दिवसांच्या गोळ्या

«हृदयाच्या झडपेचा कोणताही आजार असेल तर दाताला हात लावण्याआधी तीन दिवस अँटिबायोटिक सुरू करा, नंतर दोन दिवस चालू ठेवा. हिरड्यांतून रक्त येत असेल तर ब्रश बंद करा, दात साफ करून घेऊ नका, जंतू थेट हृदयात जातात. पुढे ताप आला तर उरलेल्या गोळ्या लगेच घ्या.»

हा मेसेज माझ्या मावशीपर्यंत पोचला. तिची मायट्रल झडप कृत्रिम आहे, धातूची. दाढ काढायची तारीख ठरलेली होती. फोनवर ती म्हणाली, "अगं, दोन दिवसांपासून अमॉक्सिसिलिन सुरू केलंय, काळजी करू नकोस." मी दातांची डॉक्टर आहे आणि खरी काळजी मला तेव्हाच वाटायला लागली.

तीन दिवस आधीचा हा सल्ला मेसेजमधला सगळ्यात चुकीचा भाग आहे. दाढ काढताना हिरडीतले जंतू काही वेळ रक्तात जातात. त्या थोड्या वेळात रक्तात औषधाची भरपूर पातळी हवी, एवढाच या अँटिबायोटिकचा उद्देश. त्यासाठी मोठ्या माणसाला 2 ग्रॅम अमॉक्सिसिलिन, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल, एकदाच, दात काढण्याआधी 30 ते 60 मिनिटे. घ्यायची राहून गेलीच तर नंतर दोन तासांपर्यंत चालते. नंतरचे डोस नाहीत. तीन दिवस आधीपासून गोळ्या घेतल्या की औषधाने मरणारे जंतू मरतात आणि न मरणारे तोंडात मागे राहतात. मग दाढ काढताना रक्तात जातात ते हेच, आणि त्यांच्यावर अमॉक्सिसिलिन चालत नाही. शिवाय मावशी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते. अँटिबायोटिकच्या कोर्सने तिचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, वर चढू शकतो, आणि तशात दाढ काढायची म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण.

तिची दाढ तातडीची नव्हती. सूज नव्हती, पू नव्हता. तिच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून गोळ्या बंद केल्या, मधे दहा दिवस जाऊ दिले, आयएनआर पुन्हा तपासला. मग अकराची वेळ होती तेव्हा सव्वादहाला माझ्यासमोर चार कॅप्सूल घेतल्या आणि दाढ काढली. थांबणं शक्य नसतं तर वेगळ्या गटातलं औषध निवडावं लागलं असतं. संधिवाताच्या तापामुळे दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांनाही हेच लागू: ते इंजेक्शन या डोसची जागा घेत नाही, आणि तोंडातले जंतू पेनिसिलिनला सरावलेले असू शकतात. म्हणून ते इंजेक्शन चालू आहे हे दातांच्या डॉक्टरला आधी सांगा.

आता "कोणताही आजार". अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2007 मध्ये ही यादी मुद्दाम छोटी केली आणि 2021 मध्ये तीच कायम ठेवली: कृत्रिम झडप किंवा झडपेच्या दुरुस्तीत बसवलेली रिंग, पूर्वी हृदयाच्या आतल्या आवरणाला झालेला संसर्ग, काही ठरावीक जन्मजात दोष, आणि हृदयरोपणानंतर झडप बिघडलेले रुग्ण. नुसती मायट्रल झडप सैल असणं यात येत नाही. संधिवाताच्या तापाने आकसलेली पण स्वतःचीच झडपही या यादीत नाही. तिच्याबाबत काही देशांचे नियम वेगळे आहेत, म्हणून तेवढं आपल्या डॉक्टरांना विचाराच. आणि "दाताला हात लावणं" म्हणजे हिरडी किंवा दाताच्या मुळाच्या टोकाशी होणारं काम. एक्स-रे, कवळी बसवणं किंवा निरोगी जागेत भुलीचं इंजेक्शन यांना डोस लागत नाही.

जंतू रक्तात जातात हे मात्र खरं, तेवढं मान्य. पण ते ब्रश करताना, चावतानाही जातात, आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की जास्त जातात. रक्त येणाऱ्या हिरडीवरचा कीटण तसाच ठेवला तर सूज वाढते आणि रोजच जंतू रक्तात जात राहतात. म्हणजे ज्याची झडप कृत्रिम आहे त्यालाच हा सल्ला सगळ्यात महागात पडेल. मऊ ब्रशने दोन वेळा दात घासा, हिरडीची कडही घासा. दात साफ करून घ्याच. यादीत असाल तर त्याआधीही तोच एक डोस.

राहिला ताप. झडपेचा संसर्ग बहुतेक वेळा हळूहळू उघड होतो: न उतरणारा किंवा परत परत येणारा ताप, रात्रीचा घाम, थकवा, वजन उतरणं. निदान रक्ताच्या कल्चरवर, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्यावर, ठरतं, आणि ते अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घ्यावं लागतं. उरलेल्या दोन-चार गोळ्या पोटात गेल्या की ताप जरा उतरतो, कल्चरमध्ये जंतू सापडत नाही आणि झडप आतून खराब होत राहते. म्हणून झडप कृत्रिम असेल आणि ताप का आला ते कळत नसेल तर एकही गोळी न घेता त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरांकडे जा आणि "आधी ब्लड कल्चर घ्या" असं स्वतःहून सांगा.