विषय? कुठलाही चालेल

"एक छानशी कविता द्या ना लिहून," आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मिसेस जिन्यात भेटल्या की हे ठरलेलं. विषय काय म्हणून विचारलं तर "कुठलाही चालेल, तुम्हाला काय, येतंच ना!" मग मी सुरू, यमकातली हवी का मुक्तछंद, हसरी की गंभीर, म्हणणार कोण, आणि काकूंचा चेहरा असा होत जातो की भाजीवाल्याने मेथीच्या जुडीसाठी आधारकार्ड मागितलंय. त्यांनी यातल्या कशाचाच विचार केलेला नसतो, त्यामुळे उत्तर येतं "तुम्हीच बघा" आणि आपण होतो तिथेच.

म्हणून हल्ली मी फक्त कधी हवीय तेवढं विचारतो. कोजागिरीला म्हणाल्या. घरी येऊन दहा मिनिटांत दोन ओळी खरडल्या आणि पाठवून दिल्या, खाली लिहिलं की गच्चीवरचा प्रोग्राम धरून हसरं केलंय, पटलं तर पुढचं लिहितो:

चंद्र आला टाकीवरती, दूध मात्र आटेना,
सेक्रेटरींचं भाषण काही संपता संपेना.

लगेच फोन. "अहो भाषणाचं काढा, ह्यांना राग येईल! आणि लहान मुलं म्हणणारेत, टाकीचं ठेवा, पण जरा उड्या मारता येतील असं करा." बघा! जिन्यात तासभर उभं राहून जे निघालं नसतं ते दोन ओळींनी काढलं. माणसाला काय हवंय ते सांगता येत नाही, पण समोर काहीतरी ठेवलं की काय नको ते बरोब्बर सांगता येतं. फक्त कच्चं लिखाण छोटं ठेवायचं, वीस कडवी पाठवली की समोरचा भिडेखातर "छान" म्हणतो आणि मग काहीच कळत नाही.

मंगलाष्टकांना मात्र हे चालत नाही हं. तिथे आधी सगळी नावं लिहून घ्यायची, कोण हयात आहे, कोण नाही, काका सख्खे की चुलत. मूड अंदाजाने पकडता येतो, वराच्या आजोबांचं नाव कसं पकडणार, आणि चुकलं तर ते माईकवरून अख्ख्या हॉलला ऐकू जातं. शिवाय वृत्त असतं शार्दूलविक्रीडित, ओळीला 19 अक्षरं, लघुगुरूची जागा ठरलेली, बाराव्या अक्षरावर थांबा. अनिरुद्ध त्यात चौथ्या अक्षरापासून आरामात बसतो. पण परवाच्या लग्नात मुलाच्या मामांचं नाव निघालं कमलाकर, ते काही केल्या बसेना, चौथ्या अक्षरापासून सुरू केलं तरी शेवटचा र लोंबकळतोच. मग विचारलं, घरी काय म्हणतात त्यांना? "बाळू." दोन गुरू! ओळीच्या सुरुवातीलाच फिट्ट.

कच्ची प्रत पाठवली. मामांचा निरोप आलाय, नाव गाळलंत तरी चालेल, पण बाळू नको.