चारही निश्चयक शून्य आले म्हणून उकली अनंत होत नाहीत

«तीन समीकरणं, तीन चलं आणि मध्ये k असेल तर फक्त निश्चयक काढा. D शून्य नसेल तर एकच उकल. D शून्य, पण Dx, Dy, Dz पैकी एखादा शून्य नसेल तर उकल नाही. चारही शून्य असतील तर अनंत उकली. दोन चलांत चालतं तेच इथेही चालतं. रँक वगैरे बघायची, समीकरणं वजा करत बसायची गरज नाही. ही रीत कधीच चुकत नाही.»

या दाव्यातले पहिले दोन नियम बरोबर आहेत. D शून्य नसताना क्रेमरचा नियम थेट उकल देतो. दुसऱ्या नियमाचं कारणही सरळ आहे. उकल असेल तर D·x = Dx हे खरं असलंच पाहिजे, मग D शून्य असो वा नसो. डावीकडे शून्य आणि उजवीकडे शून्य नसलेली संख्या आली, तर x ला कुठलीच किंमत चालणार नाही. इथपर्यंत माझा काहीच आक्षेप नाही. आक्षेप आहे तो तिसऱ्या, अनंत उकलींच्या नियमावर आणि त्याला दिलेल्या आधारांवर.

चारही शून्य, म्हणून अनंत उकली?

ही तीन समीकरणं घ्या:

```
kx +  y +  z = 1
 x + ky +  z = 2
 x +  y + kz = 3
```

निश्चयक असे येतात:

```
D  = (k - 1)²(k + 2)
Dx = (k - 1)(k - 4)
Dy = 2(k - 1)²
Dz = 3k(k - 1)
```

k = 1 ठेवलं की चारही शून्य होतात. नियम म्हणतो, अनंत उकली. आता k = 1 मूळ समीकरणांतच ठेवा: x + y + z = 1, x + y + z = 2, x + y + z = 3. एकच बेरीज एकाच वेळी 1, 2 आणि 3 असू शकत नाही, म्हणून एकही उकल नाही. भूमितीत पाहिलं तर ही तीन समांतर प्रतलं आहेत आणि त्यांतली कुठलीही दोन एकमेकांना भेटत नाहीत.

निश्चयकांना हे दिसत का नाही? k = 1 असताना x, y, z च्या सहगुणकांचे तिन्ही स्तंभ एकसारखे होतात, सगळीकडे 1. Dx काढताना एक स्तंभ बदलून तिथे उजवीकडच्या संख्या येतात, पण उरलेले दोन स्तंभ सारखेच राहतात. दोन स्तंभ सारखे असलेला निश्चयक शून्यच असतो. Dy आणि Dz चंही तेच. म्हणजे उजवीकडे 1, 2, 3 असो, 1, 1, 1 असो की आणखी काही, उत्तर शून्यच येणार. पण उकल आहे की नाही हे तर उजवीकडच्या संख्यांवरच ठरतं! 1, 1, 1 असतं तर तिन्ही समीकरणं एकच झाली असती आणि उकली खरोखर अनंत झाल्या असत्या. या दोन्ही परिस्थितींत चारही निश्चयक तेच, शून्य. मग त्यांच्यावरून फरक ओळखणार कसा?

दोन चलांत चालतं, म्हणून तीन चलांतही?

दोन चलांत ते का चालतं हे पाहिलं की तीन चलांत का अडतं तेही कळतं. दोन समीकरणांतले सहगुणक आणि उजवीकडच्या संख्या एकत्र मांडल्या की दोन ओळी आणि तीन स्तंभ होतात. त्यातून दोन-दोन स्तंभ निवडून होणारे निश्चयक म्हणजेच D, Dx आणि Dy (चिन्हाचा फरक सोडला तर). तिन्ही शून्य म्हणजे एक ओळ दुसरीच्या पटीत. सहगुणकांपैकी एक तरी शून्य नसेल, तर दुसऱ्या समीकरणात नवीन काहीच नसतं आणि उकली अनंत होतात.

तीन समीकरणांत चारही 3×3 निश्चयक शून्य असणं एवढंच सांगतं की उजवी बाजू धरून केलेल्या मोठ्या सारणीची रँक, म्हणजे एकमेकींपासून न मिळणाऱ्या स्वतंत्र ओळींची संख्या, 3 नाही, फार तर 2 आहे. सहगुणकांची रँकही 2 असेल तर प्रश्न मिटला, उकली अनंत. पण सहगुणकांची रँक 1 असून मोठ्या सारणीची 2 असेल तर उकल नाही. वरच्या उदाहरणात k = 1 ला नेमकं हेच झालं.

सरावाच्या बहुतेक उदाहरणांत D शून्य झाला तरी सहगुणकांची रँक 2 राहते, म्हणून या नियमावर कुणी बोट ठेवत नाही. x + y + z = 2, x + 2y + 3z = 5, x + 2y + az = b यात D = a − 3. a = 3 ला शेवटच्या दोन ओळींचे सहगुणक सारखे होतात, पण पहिली वेगळीच राहते, रँक 2. b = 5 असेल तर अनंत उकली, नसेल तर एकही नाही, आणि निश्चयकही तेच सांगतात. अशी पाच-दहा उदाहरणं सोडवल्यावर «कधीच चुकत नाही» असं वाटणं मी समजू शकतो.

धोका कुठे आहे हे D चे अवयव पाडल्यावर कळतं. सहगुणकांत k ची बहुपदंच असतील आणि k च्या एखाद्या किमतीला रँक 3 वरून 1 वर येत असेल, तर त्या किमतीचा अवयव D मध्ये किमान दोनदा येतो. म्हणून (k + 2) सारखा एकदाच आलेला अवयव असेल तर तिथे नियम फसत नाही. (k − 1)² दिसला की मात्र थांबायचं आणि k ची ती किंमत मूळ समीकरणांत ठेवून बघायची. वर्ग दिसला म्हणजे नियम फसलाच असं नाही, पण तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

समीकरणं वजा करायची गरज नाही?

वरच्याच उदाहरणात पहिल्या दोन समीकरणांतून तिसरं वजा करा:

```
(k - 1)(x - z) = -2
(k - 1)(y - z) = -1
```

k = 1 ला उकल नाही हे इथेच दिसलं, 0 = −2. एकही निश्चयक काढावा लागला नाही. पण k = 1 बाजूला काढण्याआधीच (k − 1) ने भागलंत, तर हा पुरावा हातचा जातो. वह्या तपासताना मला सगळ्यांत जास्त दिसणारी चूक हीच आहे.

आता k ≠ 1 धरून भागा, x आणि y ला z मध्ये लिहा आणि तिसऱ्या समीकरणात ठेवा:

```
(k + 2) z = 3k/(k - 1)
```

k = −2 ला डावीकडे शून्य, उजवीकडे 2, म्हणून उकल नाही. बाकी प्रत्येक k ला एकच उकल. पडताळा k = 0 ने घ्या: z = 0, y = 1, x = 2, आणि तिन्ही समीकरणं जुळतात. म्हणजे या उदाहरणात अनंत उकली देणारी k ची किंमतच नाही.

उजवीकडे 1, 2, 3 ऐवजी p, q, r ठेवून हीच वजाबाकी पुन्हा करा. k = 1 ला p = q = r असेल तरच उकली मिळतात आणि मग त्या अख्खं प्रतल भरतात. k = −2 ला तिन्ही समीकरणांची बेरीज केली की डावी बाजू शून्य होते, म्हणून p + q + r = 0 हवं. ते असेल तर उकली एका रेषेवर असतात. उदाहरणार्थ 1, 2, −3 घेतलं तर k = −2 ला चारही निश्चयक शून्य आणि उकली अनंत, तर k = 1 लाही चारही शून्य आणि उकल एकही नाही.