जमिनीला घसारा लावणाऱ्यांनो, एकदा माझ्यासमोर बसा

जमिनीची किंमत पुस्तकात वाढवली की कंपनी श्रीमंत होते, असं आमच्या शेठना कुणी सांगितलं ते मला कळलं तर त्याच्या घरी जाऊन भांडेन. कारण त्या सल्ल्याचा चिखल उपसायला बसलोय मी.

प्रकरण साधं आहे. लहान प्रायव्हेट कंपनी, 2004 साली 40 लाखांना घेतलेला स्वतःच्या मालकीचा प्लॉट, वर एक शेड. कर्ज वाढवून हवं होतं म्हणून मार्च 2021मध्ये व्हॅल्युअर बोलावला. त्याने जमीन 3 कोटींची ठरवली. इथपर्यंत ठीक. नोंद एका ओळीची: जमीन खाते नावे 2.60 कोटी, पुनर्मूल्यांकन राखीव खाते जमा 2.60 कोटी. नफा-तोटा पत्रकाला हात लावायचा नाही, कारण विकल्याशिवाय नफा झालेलाच नाही.

पण शेठना फक्त हाच प्लॉट वाढवायचा होता. खेडकडचा दुसरा प्लॉट नको, कारण 25 लाखांना घेतलेला तो आता 18लाच जातोय. अहो, एएस 10 हे हिशेबाचं मानक म्हणतं की पुनर्मूल्यांकन करायचं तर त्या वर्गातल्या सगळ्या मालमत्तेचं करा. पिकलेले आंबे वेचून घ्यायची सोय नाही! शेवटी खेडचा प्लॉटही घ्यावा लागला. त्याचे कमी झालेले 7 लाख पहिल्या प्लॉटच्या राखीव निधीतून वजा करता येत नाहीत, ते थेट नफा-तोट्यात खर्ची पडतात. हे ऐकून केबिनमध्ये जो आरडाओरडा झाला तो खालच्या चहावाल्यालाही ऐकू गेला.

आणि ज्याच्यासाठी हा सगळा घाट, त्या बँकेच्या माणसाने काय केलं? नेटवर्थ काढताना 2.60 कोटींवर सरळ काट मारली. मारणारच. कंपनी कायद्याचं कलम 2(57)सुद्धा नेटवर्थमध्ये पुनर्मूल्यांकनाचा निधी धरत नाही. मग लगेच पुढचा प्रश्न, 'यातून बोनस शेअर देऊ का?' नाही, कलम 63 आडवं येतं. 'निदान डिव्हिडंड?' नाही, कलम 123. निधी पुस्तकात आहे, खिशात नाही, हे किती भाषांत सांगू?

पण खरा संताप घसाऱ्याचा. माझ्या आधीच्या हिशेबनिसाने 'जमीन व इमारत' असं एकच खातं ठेवलं होतं. वाढीव 2.60 कोटी त्यातच टाकले, सॉफ्टवेअरला काय कळतं, त्याने शेडचं उरलेलं 13 वर्षांचं आयुष्य बघून वर्षाला 20 लाखांचा जादा घसारा काढला. जमीन झिजते का हो? खाणीची किंवा भाडेपट्ट्याची जमीन वेगळी, एमआयडीसीच्या 95 वर्षांच्या लीजवरच्या प्लॉटची किंमत वर्षागणिक खर्ची टाकावी लागते. पण मालकीच्या जमिनीला आयुष्यच नसतं, तर घसारा कुठून येणार? ती वाढली म्हणून वरच्या शेडचा घसारा एक रुपयाही बदलत नाही. दोन वर्षं नफा 20-20 लाखांनी कमी दिसला, आणि सगळे मंदीला शिव्या देत बसले! मालमत्ता रजिस्टर उघडून जमिनीच्या ओळीत साचलेला घसारा शून्य आहे का एवढं बघायला अर्धं मिनिट लागतं. ते 40 लाख 'पूर्वकालीन बाब' म्हणून वेगळे दाखवून उलटवावे लागले. नसते उलटवले तर पुस्तकातली जमीन 3 कोटींपेक्षा स्वस्त राहिली असती आणि हाच घसारा विक्रीच्या दिवशी खोटा नफा बनून बाहेर आला असता.

विक्री झालीच. डिसेंबर 2024मध्ये जमीन 3.30 कोटींना गेली, शेडचे पैसे वेगळे. शेठ पेढे घेऊन आले, म्हणाले, 'या वर्षी 2.90 कोटींचा नफा दिसणार!' दिसणार नाही. पुस्तकात जमीन 3 कोटींची, म्हणून नफा-तोट्यात नफा फक्त 30 लाखांचा. उरलेले 2.60 कोटी पुनर्मूल्यांकन निधीतून थेट जनरल रिझर्व्हमध्ये जातात, नफा-तोट्याच्या दाराशीसुद्धा थांबत नाहीत.

आयकर खात्याला मात्र तुमच्या पुनर्मूल्यांकनाशी काडीचं देणंघेणं नाही. त्यांच्या लेखी खरेदी 40 लाखांचीच. म्हणजे भांडवली नफा 2.90 कोटी, त्यावर साडेबारा टक्क्यांनी 36.25 लाख, सरचार्ज आणि सेस वेगळा. कर नफा-तोट्यात, त्यातला मोठा नफा मात्र रिझर्व्हमध्ये. म्हणजे पत्रकात 30 लाखांच्या नफ्यावर 36 लाखांहून जास्त कर! आता शेठ विचारतायत की जमीन विकून तोटा कसा झाला, आणि सीएसाहेबांनी फोन उचलणं बंद केलंय.